मदत हवी आहे: कॉफीच्या कपाच्या जाहिरातीसाठी लेन्स आणि ॲपर्चर नेमके कोणत्या शब्दांत लिहावे?

नमस्कार मंडळी,

लातूरच्या एका कॉफीच्या दुकानासाठी मी जाहिरात करत असून, छायाचित्रकाराला दिलेल्या लेखी सूचनेत मी "85 मिमी, एफ/1.4, पार्श्वभूमी पूर्ण धूसर" असे लिहिले होते. फुल-फ्रेम कॅमेऱ्याने सुमारे 90 सेंमी अंतरावरून फोटो निघाले, परंतु कपाची कड रेखीव आली आणि खाली छापलेले दुकानाचे नाव मात्र विरघळल्यासारखे दिसू लागले. नंतर हिशेब केला, तेव्हा या अंतरावर एफ/1.4 ला रेखीव पट्टा जेमतेम 9 मिमी मिळतो, हे ध्यानात आले. कपाचा व्यास तर 8 सेंमी आहे! (चूक माझ्याच शब्दांची, छायाचित्रकाराची नव्हे.)

एफ/4 ठेवल्यास तो पट्टा अडीच सेंमीच्या आसपास जातो. म्हणून आता "85 मिमी, एफ/4, फोकस नावाच्या अक्षरांवर, मागची भिंत कपापासून किमान दीड मीटर" असे लिहावे, असा विचार आहे.

एवढ्या अंतराने मागचे दिवे पुरेसे धूसर होतील का, की 85 मिमीऐवजी 100 मिमी मॅक्रो सुचवणे अधिक योग्य ठरेल? ज्यांनी अशी कामे केली आहेत, त्यांनी कृपया आपल्या सूचनेतील नेमकी शब्दरचना सांगावी.