आईचे अल्ब्युमिन कमी आणि ए/जी रेशो उलटा: दोष यकृताचा की मूत्रपिंडाचा?

सायली_प
आईचे वय 63 आहे. तीन-चार महिन्यांपासून तिला थकवा असून कंबर सतत दुखते, म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले. अहवालात एकूण प्रथिने 9.4, अल्ब्युमिन 2.8, ग्लोब्युलिन 6.6 आणि ए/जी रेशो 0.42 आला असून शेवटचे तिन्ही आकडे ठळक छापले आहेत. बिलिरुबिन, एसजीपीटी आणि एसजीओटी मर्यादेत आहेत. क्रिएटिनिन 1.6, हिमोग्लोबिन 8.9 आणि ईएसआर 118 आहे. लघवीत प्रथिने 'ट्रेस' लिहिली आहेत. पायांवर सूज नाही. डॉक्टरांनी यकृतासाठी गोळ्या आणि प्रोटीन पावडर लिहून दिली; परंतु क्रिएटिनिन वाढलेले असल्यामुळे प्रथिने वाढवावीत की कमी करावीत, हेच आम्हाला कळेनासे झाले आहे. नेमके कुणाला दाखवावे?

माईआजी
आमच्या नातवालाही हेच झाले होते. डोळे सुजायचे, लघवीला फेस यायचा, अल्ब्युमिन दीडवर गेले होते. बालरोगतज्ज्ञांनी स्टेरॉइड सुरू केले आणि तो बरा झाला. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे न्या, उशीर करू नका.

रानवाट
अल्ब्युमिन यकृतातच तयार होते, त्यामुळे ते कमी म्हणजे यकृत थकले आहे. एन्झाइम नॉर्मल आहेत यावर विसंबू नये. जुन्या सिरोसिसमध्येही ती नॉर्मल येऊ शकतात. आहारात अंड्याचा पांढरा भाग आणि डाळी वाढवाव्यात.

सूक्ष्मदर्शी
मी पॅथॉलॉजीत काम करतो. रानवाट यांचे एन्झाइमबद्दलचे म्हणणे बरोबर आहे, पण या अहवालात नजर अल्ब्युमिनवर नव्हे, तर एकूण प्रथिनांवर थांबायला हवी. माईंच्या नातवाला जे झाले त्यात अल्ब्युमिन लघवीवाटे वाहून जाते, त्यामुळे एकूण प्रथिनेही घसरतात. येथे ती 9.4 आहेत, म्हणजे रक्तात काहीतरी जास्तीचे तयार होत आहे. ग्लोब्युलिन प्रयोगशाळेत सहसा वेगळे मोजत नाहीत, एकूण प्रथिनांतून अल्ब्युमिन वजा करून तो आकडा छापतात. त्यामुळे त्या 6.6 मध्ये नेमके काय आहे, हे अहवाल सांगूच शकत नाही.

ते सांगते सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे रक्तातील प्रथिने वेगवेगळी करून त्यांचा आलेख काढणारी तपासणी. दीर्घकाळ चाललेला संसर्ग, सिरोसिस किंवा ऑटोइम्यून हेपटायटिस असेल, तर आलेखाच्या गॅमा भागात पसरट टेकाड दिसते. एकाच प्रकारच्या पेशी एकच प्रथिन बनवत असतील, तर अरुंद, टोकदार सुळका दिसतो. त्यालाच एम बँड म्हणतात. अॅनिमिया, वाढलेले क्रिएटिनिन, कंबरदुखी आणि असा ईएसआर एकत्र आले की मल्टिपल मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कर्करोग, आहे की नाही, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. तो आहेच, असे मी म्हणत नाही.

'ट्रेस' पाहून निश्चिंत होऊ नका. लघवीची पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते. मायलोमातील लाइट चेन, म्हणजे त्या जास्तीच्या प्रथिनाचे लहान तुकडे, तिला बहुधा दिसतच नाहीत. त्यासाठी इम्युनोफिक्सेशन आणि फ्री लाइट चेन या तपासण्या सोबतच करून घ्या. कॅल्शियम पाहिले आहे का? आणि कंबरदुखीवर त्या काय घेतात?

सायली_प
कॅल्शियम 9.9 आहे, तेवढे तरी नॉर्मल दिसते. कंबरेसाठी आई डायक्लोफेनॅक घेते, बहुतेक रोज.

सूक्ष्मदर्शी
कॅल्शियमचा बराच भाग अल्ब्युमिनला चिकटून असतो. अल्ब्युमिन 4 धरून हिशेब केला, तर 1.2 च्या तुटीला 0.8 ने गुणून सुमारे 0.96 मिळवावे लागतात आणि आकडा 10.9 च्या आसपास जातो. हा ढोबळ हिशेब आहे, खात्रीसाठी आयोनाइज्ड कॅल्शियम पाहतात. पण 'नॉर्मल' म्हणून सोडून देण्यासारखा हा आकडा नाही. डायक्लोफेनॅकबद्दल आजच डॉक्टरांना फोन करा, क्रिएटिनिन 1.6 असताना ते रोज घेणे मूत्रपिंडाला महागात पडू शकते. दुखण्यावर दुसरे औषध तेच सुचवतील. सीटी स्कॅनसाठी शिरेतून डाय देणार असतील, तर हे क्रिएटिनिन आधी दाखवा.

रानवाट
मान्य, एकूण प्रथिनांकडे माझे लक्ष गेले नव्हते. तरी सोनोग्राफी करून घ्यावी. 6.6 ग्लोब्युलिन ऑटोइम्यून हेपटायटिसमध्येही येऊ शकते ना?

सूक्ष्मदर्शी
येऊ शकते, पण त्यात एन्झाइम बहुधा वाढलेली असतात. सोनोग्राफीला हरकत नाही; तिच्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस मात्र लांबवू नका.

सायली_प
डॉक्टरांशी बोलले. डायक्लोफेनॅक बंद झाले. इलेक्ट्रोफोरेसिस आणि लाइट चेनचे नमुने आज दिले, अहवाल शनिवारी मिळेल. प्रोटीन पावडर त्यांनी चालू ठेवायला सांगितली आहे, त्याबद्दल मनात शंका आहेच. अहवाल हातात येण्यापूर्वीच रक्तविकारतज्ज्ञांची वेळ घ्यावी का?

सूक्ष्मदर्शी
वेळ घेऊन ठेवा, अहवाल साधा आला तर रद्द करता येते. तोवर कंबरदुखी अचानक वाढली, पायांत अशक्तपणा किंवा बधिरपणा आला, लघवी अडली किंवा खूप गुंगी वाटली, तर शनिवारची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा. पावडरचे तज्ज्ञांनाच विचारा. अल्ब्युमिन कमी असण्याचे कारण उपासमार नसेल, तर पावडरने ते वाढत नाही.