मदत हवी आहे: क्लासच्या निकालाची पोस्ट शेड्यूल करूनही ठरल्या वेळेला लागत नाही (वर्डप्रेस)

आठवी_गल्ली_राजारामपुरी

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात राजारामपुरीत आमचा आठवी ते दहावीचा क्लास आहे. शिकवायचं काम सर बघतात, वेबसाइट आणि पालकांचे ग्रुप माझ्याकडे. नवीन बॅचसाठी आम्ही दरवर्षी शिष्यवृत्ती चाचणी घेतो. तिचा निकाल परीक्षेच्या ॲपच्या पानावर उघडतो. आसन क्रमांक टाकला की गुण दिसतात. आमच्या साइटवर त्याच वेळी एक पोस्ट लागायला हवी, ज्यात निकालाची लिंक, फीमधली सवलत आणि प्रवेशासाठी कोणी कधी यायचं हे सगळं असतं.

गेल्या रविवारी निकाल संध्याकाळी ६ला होता. पोस्ट शनिवारीच लिहून ६ची वेळ लावून ठेवली होती. ॲपवर निकाल बरोबर ६ला उघडला, पण आमची पोस्ट काही आली नाही. पालकांना आदल्या दिवशीच सांगितलेलं की सगळी माहिती साइटवर मिळेल, त्यामुळे ते बिचारे साइट पुन्हा पुन्हा उघडत होते आणि इकडे सरांचा फोन थांबेना. वीसेक मिनिटांनी मी लॉगिन करून पोस्टची यादी उघडली, तर पोस्टसमोर `Missed schedule` असं लाल अक्षरात. काय करावं म्हणून पान रिफ्रेश केलं, तर पोस्ट लागलेली! मी कुठलंही बटण दाबलं नव्हतं.

सेटिंगमध्ये टाइमझोन कोलकाताच आहे, तपासलं. साइट करून देणाऱ्यांनी वेग वाढवायला कॅशेचं प्लगिन बसवलंय. पुढच्या रविवारी दुसऱ्या फेरीचा निकाल आहे, पुन्हा ६लाच. तेव्हा असं होऊन चालणार नाही. नेमकं काय करू?

कागलकर_पालक

ताई, निकालाच्या वेळी साइट अडकतेच. १३ मे २०२५ला दहावीचा निकाल दुपारी १ला लागला तेव्हा आम्ही बोर्डाची साइट कितीतरी वेळ उघडत बसलो होतो. शेवटी डिजिलॉकरवर दिसला. तुम्ही पालकांना डिजिलॉकरच सांगा की. कोल्हापूर विभागाचा निकाल तिथंही त्याच वेळेला येतो.

आठवी_गल्ली_राजारामपुरी

दादा, हा बोर्डाचा निकाल नव्हे, आमच्या क्लासच्या चाचणीचा आहे. तो अडकलाही नव्हता, वेळेवर उघडला. अडली ती आमच्या साइटवरची पोस्ट.

वेबवाला_इचलकरंजी

कारण सोपं आहे. वर्डप्रेसला स्वतःचं घड्याळ नसतं. कुणीतरी साइट उघडली की ते बघतं, कुठल्या कामाची वेळ झालीय का, आणि मग ते काम उरकतं. ६ला तुमच्या साइटवर कोणी आलंच नसेल, म्हणून पोस्ट लागली नाही. तुम्ही आलात आणि लागली. रविवारी ६ वाजता घरातल्या दोघातिघांना मोबाइलवर साइट उघडायला सांगा, काम झालं.

आठवी_गल्ली_राजारामपुरी

पण दादा, त्या वेळी साइटवर पालकांची रीघ लागलेली होती. कोणी आलं नाही असं कसं म्हणायचं? ग्रुपवर तर जुन्या होमपेजचे स्क्रीनशॉट पडत होते, ६ वाजून ५ मिनिटांचे, १० मिनिटांचे.

सर्व्हर_सांभाळणारा

इचलकरंजीच्या दादांचं अर्धं बरोबर आहे. वर्डप्रेसचं शेड्यूल पाहुण्यांवर चालतं हे खरं. पण ताई, तुमचे पालक वर्डप्रेसपर्यंत पोचलेच नाहीत, कारण मध्ये कॅशे बसलाय. कॅशे म्हणजे होमपेजची आधी काढून ठेवलेली प्रत. पालकाने साइट उघडली की सर्व्हर ती तयार प्रत हातात देतो आणि मागचं वर्डप्रेस जागंही होत नाही. त्यामुळे शंभर पालक आले तरी वर्डप्रेसच्या लेखी कोणीच आलं नाही.

तुम्ही लॉगिन केलंत तेव्हा मात्र वेगळं झालं. लॉगिन केलेल्या माणसाला कॅशेतली प्रत देत नाहीत, त्याच्यासाठी वर्डप्रेस खरोखर चालू होतं. त्याने घड्याळ बघितलं, पोस्टची वेळ उलटून गेलेली दिसली, तेव्हा काम मागे चालू केलं आणि तुम्हाला त्या क्षणाची यादी दाखवली. म्हणून आधी लाल अक्षरं आणि रिफ्रेशनंतर लागलेली पोस्ट. लॉगिन केल्यावरच पोस्ट लागत असेल तर कारण बहुतेक वेळा हेच निघतं. टाइमझोन चुकला असता तर चित्र वेगळं दिसलं असतं. तिथं यूटीसी राहिलं असतं तर तुमची ६ची पोस्ट रात्री साडेअकराला लागली असती, म्हणजे बरोबर साडेपाच तास उशिरा.

उपाय असा की पाहुण्यांवरचं अवलंबन काढून टाकायचं आणि सर्व्हरच्या स्वतःच्या घड्याळाने दर पाच मिनिटांनी वर्डप्रेसला उठवायचं. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये `Cron Jobs` असतं, तिथं ही ओळ टाका. पत्ता तुमच्या साइटचा घाला.

```
*/5 * * * * wget -q -O /dev/null "https://example.com/wp-cron.php?doing_wp_cron"
```

ही चालतेय याची खात्री झाली की मगच `wp-config.php` मध्ये, `That's all, stop editing` लिहिलंय त्या ओळीच्या वर, हे घाला:

```
define( 'DISABLE_WP_CRON', true );
```

हा क्रम उलटा करू नका. आधी दुसरी ओळ घातली आणि पहिली चालतच नसली, तर पोस्टच नव्हे, बॅकअप, अपडेट तपासणं, सगळीच ठरलेली कामं बंद पडतात आणि कुणाला पत्ता लागत नाही.

खात्री कशी करायची तेही सांगतो. `WP Crontrol` नावाचं प्लगिन टाका. त्यात शेड्यूल केलेली प्रत्येक पोस्ट `publish_future_post` या नावाने आणि वेळेसकट दिसते. मग पहिली ओळ बसवून झाली की दहा मिनिटांनंतरची वेळ देऊन एक चाचणी पोस्ट लावा, लॉगआउट करा आणि तुम्ही स्वतः साइटला हात लावू नका. वेळ झाली की दुसऱ्या कुणाला त्यांच्या मोबाइलवरून बघायला सांगा. लॉगिन करून बघत बसलात तर शेड्यूल कशाने चाललं ते कळणारच नाही.

गडहिंग्लज_अकॅडमी

ताईंच्या धाग्यात माझंही विचारून घेतो. आम्ही असा क्रॉन आधीच लावलाय, पण आमची पोस्ट दर वेळी अर्धा तास उशिरा लागते. सकाळी १०ची पोस्ट साडेदहाला, ६ची साडेसहाला. कधीही बघा, अर्धाच तास. होस्टिंगवाले म्हणतात सर्व्हर ठीक आहे.

सर्व्हर_सांभाळणारा

सर, तुमचा क्रॉन तासाला एकदा चालतो ना, `0 * * * *` असा? तुमचा सर्व्हर यूटीसीवर असणार. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे, त्यामुळे त्याचा तासाचा ठोका आपल्या घड्याळात नेहमी साडेच्या काट्यावर पडतो. ६ची पोस्ट ५.३०च्या फेरीत अजून वेळेआधी असते, म्हणून ती थेट ६.३०च्या फेरीत सापडते. `*/5` करा, नाहीतर किमान `0,30` करा. पाच आणि पंधरा मिनिटांच्या फेऱ्यांना हा फरक लागू होत नाही, कारण अर्धा तास दोन्हींनी पूर्ण भागतो.

गडहिंग्लज_अकॅडमी

तासाचाच होता. बदलला. आजची १२ची सूचना १२लाच लागली. आभारी आहे.

आठवी_गल्ली_राजारामपुरी

सर्व्हरवाले दादा, तुम्ही सांगितलंत तसं केलं. आमच्या होस्टिंगच्या प्लॅनमध्ये पाच मिनिटं चालत नाहीत, कमीत कमी पंधरा घेतात. म्हणून `*/15` ठेवलं. चाचणी पोस्टला दुपारी ४.१५ची वेळ दिली आणि लॉगआउट केलं. सरांच्या पत्नीने त्यांच्या फोनवर बघितलं. पोस्टचा थेट पत्ता उघडला तर पोस्ट होती, पण होमपेजवर ४.३० वाजले तरी जुनंच दिसत होतं.

सर्व्हर_सांभाळणारा

म्हणजे शेड्यूल सुटलं, आता राहिला तो फक्त कॅशे. पंधरा मिनिटं चालतील, फक्त निकालाची वेळ ००, १५, ३०, ४५ यांपैकीच ठेवा. ६.१० दिलीत तर ६.१५ला लागेल.

होमपेजचं असं आहे. कॅशेचं प्लगिन नवी पोस्ट लागली की सहसा होमपेजची प्रत स्वतःच फेकतं. तुमच्याकडे ते होत नाही म्हणजे होस्टिंगचा स्वतःचा आणखी एक कॅशे वर बसलेला असावा, ज्याला प्लगिनचं सांगणं पोचत नाही. पॅनेलमध्ये तो आहे का बघा, आणि होमपेज त्यातून वगळता येतं का ते विचारा.

त्याहून मला हे बरं वाटतं: `/nikal` असं एक कायमचं पान करा, त्यात ताज्या पोस्टची यादी दाखवा आणि ते पान दोन्ही कॅशेंमधून वगळा. पालकांना नेहमी तोच पत्ता द्या. पोस्टचा स्वतःचा पत्ता मात्र आधी कुणाला देऊ नका. वेळेआधी कोणी तो उघडला तर `404` येतो, आणि काही कॅशे तो `404` सुद्धा साठवून ठेवतात. मग पोस्ट लागल्यावरही पालकाला पान सापडत नाही.

वेबवाला_इचलकरंजी

कॅशेचं माझ्या ध्यानात आलं नव्हतं, बरोबर आहे. पण वगळलेल्या पानावर ६च्या ठोक्याला सगळे एकदम आले तर स्वस्तातलं होस्टिंग झेपेल का? कॅशे नसला की प्रत्येक पालकासाठी वर्डप्रेस चालणार.

सर्व्हर_सांभाळणारा

रास्त शंका आहे. काहीशे पालक असतील तर चित्रं नसलेलं साधं पान बहुतेक निभावतं, पण छातीठोकपणे नाही सांगणार. जमत असेल तर वगळण्याऐवजी त्या पानाच्या कॅशेचं आयुष्य एक मिनिट ठेवा. पोस्ट फार तर मिनिटभर उशिरा दिसेल आणि सर्व्हरही वाचेल.

शाहूपुरी_मास्तर

मी बरीच वर्षं क्लास चालवतो, तांत्रिक काही कळत नाही. पण ताई, पोस्ट निकालाबरोबरच लागावी हा आग्रह का? निकाल एका घड्याळावर उघडतो, पोस्ट दुसऱ्या. एखाद्या दिवशी ॲपवाल्यांनाच उशीर झाला तर ‘निकाल लागला’ म्हणून तुमची पोस्ट झळकेल आणि निकाल नसेल. ते उशिरा सांगण्यापेक्षा वाईट. आम्ही निकाल स्वतः उघडून, दोन आसन क्रमांक टाकून बघतो आणि मगच सूचना लावतो.

आठवी_गल्ली_राजारामपुरी

सर, तुमचं पटतंय, पण रविवारी ६ला आम्ही सगळे पालकसभेत असतो, त्या वेळी कुणाच्या हातात लॅपटॉप नसतो. म्हणून आपोआप लागायला हवं.

सर्व्हर_सांभाळणारा

मग पोस्टला ६.१५ द्या, तुमच्या क्रॉनची फेरीही तीच आहे. शीर्षकात ‘निकाल लागला’ऐवजी ‘निकाल संध्याकाळी ६ पासून’ लिहा. आणि पोस्ट लागण्याआधी एकाने मोबाइलवर ॲपचं पान बघावं. निकाल उघडला नसेल तर वर्डप्रेसच्या मोबाइल ॲपमधून पोस्ट परत ड्राफ्ट करता येते.

आठवी_गल्ली_राजारामपुरी

६.१५ला सर तयार नाहीत. मधल्या पंधरा मिनिटांत सगळे फोन करतील म्हणतात. शीर्षक बदलते, वेळ ६च ठेवते. दादा, आमच्या पॅनेलमध्ये होस्टिंगचा कॅशे फक्त चालू किंवा बंद करता येतो, एखादं पान वगळायची सोय दिसत नाही. मिनिटाचं आयुष्य ठेवायचं ते कुठून करतात?

सर्व्हर_सांभाळणारा

त्यांना मेल करून विचारा, `/nikal` या पत्त्यावर `Cache-Control: max-age=60` हा हेडर पाठवला तर तुमचा कॅशे तो पाळतो का. हो म्हणाले तर बाकीचं सांगतो. नाही म्हणाले तर रविवारी संध्याकाळपुरता तो कॅशे बंद ठेवा आणि प्लगिनचा चालू राहू द्या.