गॅदरिंगला नवीन काय केलं होतं? अनुभव सांगा

लातूरची_माय: भाची यंदा सांस्कृतिक प्रतिनिधी झाली. परत तेच फिशपाँड, साडी-टाय डे, रेकॉर्ड डान्स. मला आमच्या कॉलेजचं जातं आठवलं. पोरींनी आपापल्या आज्या आणल्या, दोघीदोघी जात्यावर बसल्या अन् ओव्या म्हणल्या. स्पर्धा नाही, नंबर नाही. हॉलमधली पोरं शिट्ट्या मारायची थांबली. तुमच्याकडं काय झालं?

बाळ्या_परभणी: आमच्याकडं फक्त डीजे झाला. मंग डीजेवर बंदी झाली 😂

शिंदे_सर: आम्ही हे केलंय, म्हणून सांगतो. नुसता माईक हातात दिला की आजी दोन ओळींत अडकते. हात फिरला की पुढची ओळ आपोआप येते, म्हणून जातं खरंच पाहिजे. रिकामं फिरवू नका, दगडावर दगड खरखरतो अन् ओवी ऐकू येत नाही. मूठमूठ ज्वारीची वैरण टाकत राहा. पीठ बारीक नकोच आहे, मधल्या खुंटीला चिंधी गुंडाळून वरची तळी जराशी उचला, हलकं फिरतं. स्टेज लाकडी असेल तर खाली गोणपाटाच्या दोनतीन घड्या, नाहीतर सगळी फळी घुमते. स्टँडचा माईक जात्याजवळ नको. पदराला लावायचा छोटा माईक घ्या, तोही ज्या हातानं दळतात त्याच्या उलट्या खांद्याला.

मी_वैशाली: ओवी साडेतीन चरणांची असते ना? तसं नियमात लिहा म्हणजे परीक्षकांना सोपं.

शिंदे_सर: ती ज्ञानेश्वरीतली, ताई. जात्यावरची बहुतेक दोन ओळींची. एकीनं पहिली म्हणायची, दुसरीनं ओढून न्यायची. अन् परीक्षक कशाला? आज्यांना मार्क देणार का?

मी_वैशाली: बरं बरं. पण बक्षीस नसलं तर पोरं नाव देत नाहीत, हा माझा अनुभव.

गंगाखेडकर: नऊवारी भाड्यानं कुठं मिळेल परभणीत? शुक्रवारी लागती.

लातूरची_माय: दादा हा धागा त्याचा नाही 😀 आजीच्या पेटीत बघा.

नांदेडचा_पक्या: सर, वेळ किती द्यायचा? आमच्यात तीन मिनिटं झाली की बेल वाजते.

शिंदे_सर: सूर लागायलाच तेवढी जातात. जोडीला दहा मिनिटं धरा अन् तीनच जोड्या घ्या. बेल नको. दुपारी ठेवा, रात्रीच्या डान्सच्या आधी ठेवलं तर पोरं ओरडून उठवतात. आमच्याकडं पहिल्या वर्षी तसंच झालं. आज्यांना आणायची-सोडायची गाडीही आधी ठरवा.

बाळ्या_परभणी: जातं आणायचं कुठून पण? आमचं अंगणात पालथं पडलंय, त्याच्यावर कपडे धुतो.

नांदेडचा_पक्या: ते दे मला. टाकी लावून घेतो.

बाळ्या_परभणी: आईला विचारतो. ती म्हणल, मग कपडे कशावर धू?