घटसर्पाची लस टोचूनही म्हैस गेली

«३ जूनला सगळ्या म्हशींना लस टोचली, १० जूनला एक गेली. लस बोगस होती का?»

लसीवर लगेच खापर फोडू नका. टोचल्यावर अंगात पुरेशी ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात, तुमच्या म्हशीला सातच दिवस मिळाले. घटसर्प पावसाळ्यात उसळतो आणि मुंबईत पाऊस साधारण ११ जूनच्या सुमारास येतो, म्हणजे लस २० मेच्या आतच टोचून व्हायला हवी.

आमच्या गोरेगावच्या तबेल्यात एक म्हैस अशीच गेली. सकाळी तिने पेंड सोडली, ताप १०६. दूध कमी झालं म्हणून गवळी कुरकुरला, तापाकडे कुणी पाहिलंच नाही. दुपारी लाळ, संध्याकाळी गळा गरम आणि टणक सुजलेला, श्वास घोरल्यासारखा. रात्री संपली. गळा सुजल्यावर औषध क्वचितच लागू पडतं. प्रतिजैविकाची खरी वेळ नुसता ताप असतानाची. म्हणून आता एक दगावली की बाकीच्या सगळ्यांना रोज दोनदा थर्मामीटर लावा. १०३ च्या वर दिसली की ती वेगळी बांधा आणि सूज यायची वाट न पाहता डॉक्टरांना बोलवा.

सूज मांडीवर असेल आणि दाबल्यावर चरचरत असेल तर तो फऱ्या, घटसर्प नव्हे.

आपल्याकडे खरी गोची नव्या म्हशींची. जुलैत बाहेरून आणलेली म्हैस मेच्या लसीकरणात नसतेच. वर प्रवासाचा ताण, आणि घशात जंतू लपलेले असले तर ते त्यातच उसळतात. तिला तीन आठवडे वेगळी ठेवून लस टोचा.