काहीतरी नवीन शिकायचं आहे

सिडकोवाला_अमोल
नमस्कार मंडळी. काहीतरी नवीन शिकायचं आहे.

जेलरोड_काका
कोणत्या नोकरीसाठी? शिक्षण किती? बँकेत तेहतीस वर्षं काढली म्हणून सांगतो, टॅली आणि जीएसटी शिकून घ्या. माझ्या भाच्याने तीन महिन्यांचा क्लास केला आणि सातपूरला लागलासुद्धा.

सिडकोवाला_अमोल
काका, नोकरी आहे, अंबड एमआयडीसीत. वय 43. नोकरीसाठी नकोय. रविवारची सकाळ मोकळी असते आणि डोक्याला काहीतरी खाद्य हवंय. विषय ठरवलेला नाही, म्हणून तेवढंच लिहिलं. पैसे फार घालायचे नाहीत आणि घरी बसून व्हिडिओ बघायचे नाहीत.

मीना_सिन्नर
मोडी शिका. मी वयाच्या 58 व्या वर्षी शिकले. आजोबांच्या पेटीत जमिनीचे कागद होते आणि घरात कोणाला अक्षर लागत नव्हतं. चार महिन्यांनी पहिला कागद वाचला, तर ती विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यांची वाटणी निघाली. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, शब्द तोडत नाहीत, सगळं एका ओळीत वाहत जातं. पहिले पंधरा दिवस डोळे दुखतात. मग एके दिवशी शब्द आपोआप सुटे दिसायला लागतात.

त्रिरश्मी_वाट
अमोल, तुम्ही सिडकोत राहता म्हणजे पांडवलेणी तुमच्या उशाला आहे. ब्राह्मी वाचायला शिका. सगळी ब्राह्मी नको, दहा नंबरच्या लेण्यातला एकच छोटा लेख. मी सतरा वर्षं तिथे जातो आहे. नवीन माणसाला मी नेहमी त्याच लेखापाशी नेतो.

पंचवटीकर
ती पाली लिपी आहे ना? आणि लेणी पांडवांनी कोरली म्हणतात, तर मग लेख कोणाचे? नाशिकचं नावही शूर्पणखेच्या नाकावरून पडलं, हे तर शाळेतच शिकवलंय.

त्रिरश्मी_वाट
पंचवटीकर, लेणी बौद्ध भिक्खूंसाठी कोरली, हे लेखांतच लिहिलंय. पांडवांचं नाव लोकांनी नंतर दिलं. लिपी ब्राह्मी आणि भाषा प्राकृत. पालीच्या जवळची आहे, त्यामुळे तुमचं अगदीच चुकलं असं नाही. पण दहा नंबरच्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याच्या मोठ्या लेखाची सुरुवात जवळजवळ संस्कृत आहे. नावाचं म्हणाल, तर एकोणीस नंबरच्या लेण्यात सातवाहन कुळातल्या कण्ह राजाच्या वेळचा लेख आहे. त्यात लेणं करवणारा महामात्र, म्हणजे मोठा राजाधिकारी, स्वतःला ‘नासिकक’ म्हणवतो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी गावाचं नाव हेच होतं. ते कशावरून पडलं, हे मात्र तो लेख सांगत नाही.

पंचवटीकर
म्हणजे नाकाची गोष्ट खोटी असंही त्यावरून ठरत नाही.

त्रिरश्मी_वाट
नाही ठरत.

सिडकोवाला_अमोल
शाळेच्या सहलीनंतर वर चढलोच नाहीये. सुरुवात कुठून करायची? बाजारातून तक्ता आणून पाठ करू का?

त्रिरश्मी_वाट
तक्ता आणा, पण त्यावर विसंबू नका. बहुतेक तक्ते अशोकाच्या काळातल्या अक्षरांचे असतात. दहा नंबरचे लेख त्यानंतर काही शतकांनी कोरलेले आहेत आणि तोवर अक्षरांची वळणं बदलली होती. तक्त्यात ‘क’ म्हणजे सरळ अधिकचं चिन्ह आणि ‘र’ म्हणजे नुसती उभी रेघ. इथे दोघांचेही पाय लांब होऊन खाली वळलेत. ‘म’चं खालचं वर्तुळ त्रिकोणासारखं झालंय. अक्षरांच्या डोक्यावर छिन्नीचं छोटं जाड टोक आहे. तक्ता घोकून आलेला माणूस हे बघून बिचकतो आणि ही वेगळीच लिपी आहे असं समजतो.

पहिल्या आठवड्यात फक्त तुमच्या लेखातली अक्षरं गिरवा. ‘न’ म्हणजे जमिनीवर रोवलेला खांब, खाली आडवी रेघ आणि मधोमध उभी. काना म्हणजे अक्षराच्या डोक्याशी उजवीकडे काढलेली बारीक आडवी रेघ. तीच डावीकडे आली की एकार. उकार पायाशी. अनुस्वार म्हणजे टिंब.

लेख असा आहे. आधी मुद्दाम शब्द न तोडता देतो:

सीधंराञोक्षहरातसक्षत्रपसनहपानसदीहितुदीनीकपुत्रसउषवदातसकुडुंबिनियदखमित्रायदेयधंमंओवरको

मीनाताई म्हणाल्या तसंच, शब्द सुटे दिसेपर्यंत बघत राहायचं. अर्थ नंतर.

मीना_सिन्नर
‘स’ सारखा येतोय. क्षहरातस, क्षत्रपस, नहपानस. आपला ‘चा’ असावा का?

त्रिरश्मी_वाट
अगदी बरोबर. संस्कृतचा ‘स्य’ इथे नुसता ‘स’ झालाय, म्हणून प्रत्येक ‘स’पाशी एक शब्द संपतो. बाई असेल तर शेवटी ‘य’ येतो: कुडुंबिनिय, दखमित्राय. ही किल्ली हातात आली की अर्धा लेख सुटतो. ब्राह्मीचा उलगडा करणाऱ्या जेम्स प्रिन्सेपलाही 1837 च्या सुमारास अशाच एका शेपटानं वाट दाखवली. सांचीच्या कठड्यांवरचे छोटे लेख एकाच दोन अक्षरांनी संपतात हे त्याच्या लक्षात आलं. भक्तांनी दिलेल्या वस्तूंवरचे लेख, तेव्हा ते ‘दानं’ असणार, असा त्यानं अंदाज बांधला आणि ‘द’ आणि ‘न’ हाती लागले. तुमच्या लेखात ‘दानं’च्या जागी ‘देयधंमं’ आहे, म्हणजे धर्मदाय. एकाच वर्गातली दुहेरी व्यंजनं इथे बहुधा एकेरीच लिहितात. ‘सिद्धं’चं ‘सीधं’ झालंय तेही त्यामुळेच.

जेलरोड_काका
हे वाचून पोट भरत नाही, पण वाचतोय. ओवरको म्हणजे काय?

त्रिरश्मी_वाट
काका, त्र्यंबकेश्वरला किंवा पंढरपूरला ओवरीत बसला असाल ना? तीच ओवरी. इथे अर्थ भिक्खूची खोली. आणि कुडुंबिनी म्हणजे बायको. ‘आमचं कुटुंब माहेरी गेलंय’ असं जुनी माणसं म्हणायची, ते हेच कुटुंब. लेख एवढंच सांगतो: क्षहरात घराण्यातल्या क्षत्रप राजा नहपानाची मुलगी, दीनीकाच्या मुलाची म्हणजे उषवदाताची बायको दखमित्रा, हिनं ही ओवरी दान दिली. तिची ओळख बापावरून आणि नवऱ्यावरून दिलीय, पण दान तिच्या नावावर आहे.

सिडकोवाला_अमोल
काल जाऊन आलो. सकाळी साडेआठला वर पोहोचलो. व्हरांड्याच्या टोकाला खोलीच्या दारावर लेख सापडला. आधी फोनचा फ्लॅश मारला, तर भिंत सपाट पांढरी, एक अक्षर दिसेना. मग टॉर्च बाजूने भिंतीलगत धरली आणि अक्षरं वर उचलून आल्यासारखी दिसली. तासाभरात नहपानसपर्यंत गेलो. त्यानंतर दोन ठिकाणी अडलो. दखमित्राच्या आधी एक जादा अनुस्वार दिसतोय, फोटो टाकलाय. आणि शेवटचा शब्द मी ‘उवरको’ वाचतोय.

त्रिरश्मी_वाट
पहिल्याच फेरीत नहपानसपर्यंत, छान! ‘उ’ म्हणजे इंग्रजी एल, उभी रेघ आणि पायाशी उजवीकडे आडवी. ‘ओ’ला तेवढंच असतं, शिवाय डोक्याशी डावीकडे एक रेघ. तुम्ही टॉर्च कोणत्या बाजूने धरली होती? खालून वर धरून परत बघा. आडव्या रेघेला बाजूचा उजेड सावली देत नाही, खालचा देतो. प्रत्येक ओळ दोन दिशांनी बघायची सवय लावा.

अनुस्वाराबद्दल फोटो पाहून सांगतो, मला तो दगडातला खड्डा वाटतो. आपला काळा दगड, त्यात बारीक पोकळ्या असतात. कोरलेलं टिंब तळाशी निमुळतं आणि कडेला स्वच्छ असतं, खड्ड्याची कड फुटकी असते. ‘ठ’ आणि ‘थ’मध्येही हाच घोटाळा होतो. ‘ठ’ नुसतं वर्तुळ, ‘थ’च्या पोटात टिंब. पण बोट लावून तपासू नका. खडू, पाणी, पीठ काहीही लावू नका. फक्त उजेड.

सिडकोवाला_अमोल
खड्डा म्हणता, पण कड मला तरी गोल दिसली. पुढच्या वेळी दोन्ही बाजूंनी फोटो काढतो.

जेलरोड_काका
एक विचारू? त्या उषवदातानं पैसे कुठे ठेवले होते असं कुठेतरी वाचलं होतं. व्याजाचं काय गणित होतं?

त्रिरश्मी_वाट
काका, हा तुमचाच प्रांत. त्याच व्हरांड्यात 42 व्या वर्षाचा उल्लेख असलेला लेख आहे. त्यानं 3000 कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, गोवर्धनातल्या कोलीकनिकायांत, म्हणजे विणकरांच्या संघटनांत, ठेवले. गोवर्धन म्हणजे गंगापूरजवळचं आपलं गोवर्धन, असं बहुतेक मानतात. त्यातले 2000 महिना शेकडा एक दराने आणि 1000 महिना शेकडा पाऊण दराने. लेखात पुढे आहे की लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, द्यायचे.

जेलरोड_काका
थांबा. दोन हजारावर महिना वीस. वर्षाला 240. वीस भिक्खू गुणिले बारा, 240. एक पैसाही उरत नाही! हे आधी खर्च ठरवून मग ठेव ठरवलेली आहे. आम्ही एंडोमेंट खाती अशीच काढायचो. मुद्दल काढता यायचं का?

त्रिरश्मी_वाट
नाही. ‘अपडिदातवा वधिभोजा’ असं कोरलंय. परत द्यायचे नाहीत, फक्त वृद्धी भोगायची. वधि म्हणजे व्याज.

जेलरोड_काका
आणि पाऊण टक्क्याच्या हजाराचे 90 होतात. ते कशाला?

त्रिरश्मी_वाट
‘कुशणमूल’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ नेमका काय यावर अभ्यासकांत एकमत नाही. भिक्खूंचा किरकोळ खर्च असावा असं काहींना वाटतं.

पंचवटीकर
तीन नंबरच्या लेण्यात गौतमीपुत्राच्या आईचा मोठा लेख आहे ना? थेट तोच का नाही घेत?

त्रिरश्मी_वाट
तो गौतमी बलसिरीचा, तिचा नातू पुळुमावी याच्या राज्याच्या 19 व्या वर्षाचा. समास इतके लांब आहेत की शब्द कुठे तोडायचा हे जाणकारालाही थांबून बघावं लागतं. नवीन माणूस तिथे पहिल्या ओळीतच दमतो. वर्षभरानं घ्या.

सिडकोवाला_अमोल
आज परत गेलो होतो. टॉर्च खालून धरली, डावीकडची रेघ दिसली. ओवरको. मुलीला घेऊन गेलो होतो, सातवीत आहे. तिनं ‘पुत्रस’ माझ्याआधी वाचलं. आता पुढे काय घेऊ?

त्रिरश्मी_वाट
व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाच्या खोलीच्या दारावर दखमित्राचाच आणखी एक लेख आहे. त्याचं वाचन मी इथे देत नाही. शेजारच्या लेखाशी अक्षर अक्षर ताडून तुम्हीच वाचा आणि इथे लिहा.

जेलरोड_काका
अमोल, जाल तेव्हा कळवा. जेलरोडहून रिक्षा करून येतो. गुडघे दुखतात, पायऱ्या हळूहळू चढेन, पण तो वधिभोजा कुठे लिहिलाय तो मला बोट न लावता दाखवा.