मदत हवी आहे: अपॉइंटमेंट लेटरमधले भत्ते, कपाती आणि बोनस पेरोलच्या सेटअप शीटमध्ये कसे उतरवायचे?

स्वाती_लेखा
नमस्कार मंडळी. आमच्याकडे पगार नव्या सॉफ्टवेअरवर जाणार आहे. त्यांनी एक एक्सेल शीट पाठवली आहे. माणशी एक ओळ, आणि रकाने म्हणजे बेसिक, एचआरए, इतर भत्ते, कपाती, बोनस, एकरकमी देणी. साठेक जणांची लेटर्स वाचून ती मला भरायची आहे. लेटर्स वेगवेगळ्या वर्षांची आहेत आणि भाषाही प्रत्येकाची निराळी.

सॉफ्टवेअरवाल्यांनी नमुना म्हणून एका मुलाची ओळ भरून दिली आणि चाचणी पगार काढला. हातात ३३,१२० आले. जुन्या स्लिपवर याच मुलाला २९,६०१ मिळतात. पगारवाढ झालेली नाही. त्याच्या लेटरच्या जोडपत्रात दरमहा असं दिलं आहे:

बेसिक १४,०००
एचआरए ५,६००
कन्व्हेयन्स १,६००
स्पेशल अलाउन्स १०,२८१
पीएफ १,६८०
ग्रॅच्युइटी ६७३
बोनस १,१६६
एकूण ३५,००० (वार्षिक सीटीसी ४,२०,०००)

शिवाय आतल्या पानांवर तीन कलमं आहेत. कलम ६: बोनस कायद्यानुसार, वर्षातून एकदा दिवाळीपूर्वी, त्या तारखेला सेवेत असेल तरच. कलम ७: वार्षिक बेसिकच्या १० टक्क्यांपर्यंत परफॉर्मन्स इन्सेंटिव्ह, व्यवस्थापनाच्या मर्जीनुसार. कलम ९: जॉइनिंग बोनस ३०,०००, पहिल्या पगारासोबत, १२ महिन्यांच्या आत नोकरी सोडल्यास संपूर्ण वसुली.

नेमकं काय कुठे टाकू? आणि बाकीच्या लेटर्ससाठी काही पक्की पद्धत आहे का?

अमोल_एचआर
ताई, माझ्याकडे अपॉइंटमेंट लेटरचा छान नमुना आहे. भत्ते, नोटीस पीरियड, गोपनीयता, सगळं त्यात आहे. मेल आयडी द्या, पाठवतो.

स्वाती_लेखा
धन्यवाद, पण लेटर लिहायचं नाहीये. आधीच दिलेल्या लेटर्समधून माहिती काढायची आहे.

राहुल_के
सोपं आहे. जोडपत्रातला पीएफ हा कंपनीचा वाटा असतो, तो पगारात धरायचा नाही. ग्रॅच्युइटीही काढून टाका. आणि याला बोनस लागूच होत नाही, मर्यादा २१,००० ची आहे आणि याचा ग्रॉस ३१ हजारांच्या वर जातो. म्हणजे ती १,१६६ ची ओळही उडवा.

जुना_पेरोलवाला
राहुल, पहिली दोन वाक्यं अगदी बरोबर. बोनसचं मात्र जपून. ग्रॉसवर २१,००० ची मर्यादा आहे ती ईएसआयची. १९६५ च्या बोनस कायद्यात आकडा तोच होता, पण मोजायचा बेसिक आणि महागाई भत्त्यावर. या मुलाचं बेसिक १४,००० आहे, म्हणजे त्या हिशेबाने तो बोनसला पात्र. दोन्हीकडे २१,००० असल्यामुळे ही गफलत मी बऱ्याच ऑफिसांत पाहिली आहे.

आता स्वातीताई, तुमचा फरक. ३३,१२० मधून २९,६०१ वजा केले की ३,५१९ राहतात. जोडपत्रातल्या शेवटच्या तीन ओळींची बेरीज करा: १,६८० अधिक ६७३ अधिक १,१६६, बरोबर ३,५१९. त्यांनी सातही ओळी मिळकतीत टाकल्या, मग ३५,००० मधून कर्मचाऱ्याचा पीएफ १,६८० आणि व्यवसाय कर २०० कापला. मुलाला दर महिन्याला द्यायचा ग्रॉस पहिल्या चार ओळींचा, ३१,४८१. खालच्या तीन ओळी कंपनीचा खर्च आहेत. एक पीएफ खात्यात जाते, एक नोकरी सोडताना पात्र असेल तर मिळते, आणि तिसरी वर्षातून एकदा.

म्हणून तुमच्या शीटला, ते देत नसतील तरी, दोन रकाने स्वतःहून जोडा. एक ‘कधी देय’: दरमहा, वार्षिक, एकदाच, किंवा कंपनी खर्च. दुसरा ‘कलम’: त्यात लेटरमधलं वाक्य जसंच्या तसं उतरवा, स्वतःच्या शब्दांत नको. सहा महिन्यांनी कोणी विचारलं तर तेच वाक्य उपयोगी पडतं.

मग ताळा घ्या. सी मध्ये वार्षिक सीटीसी, डी ते जी मध्ये मासिक मिळकत, एच ते जे मध्ये कंपनीचा खर्च असं धरून:

```
=C2/12-SUM(D2:J2)
```

उत्तर शून्य किंवा रुपया-दोन रुपये यायला हवं. मोठा आकडा आला तर लेटरमध्ये कुठेतरी अजून एक घटक लपलेला आहे, बहुतेक वेळा इन्सेंटिव्ह किंवा विम्याचा हप्ता. तुमच्या केसमध्ये शून्य येतं, म्हणजे कलम ७ चा इन्सेंटिव्ह सीटीसीच्या बाहेर आहे. लेटरमध्ये हे कुठेच लिहिलेलं नाही, ताळ्यावरूनच कळतं. कमाल रक्कम १६,८०० होते, पण ती रकान्यात टाकू नका. रक्कम शून्य ठेवा, शेऱ्यात ‘१० टक्क्यांपर्यंत, मर्जीनुसार’ असं लिहा. आकडा भरला की सॉफ्टवेअर त्याला देणं समजतं आणि टीडीएसचा अंदाजही वाढवतं.

स्वाती_लेखा
३,५१९ चं उलगडल्यावर फार हलकं वाटलं, खरंच. मग कपातीच्या रकान्यात पीएफ १,६८० आणि व्यवसाय कर २०० असे थेट आकडे टाकू का? काही लेटर्समध्ये कपातींचा तक्ताही दिलेला आहे.

जुना_पेरोलवाला
नको. लेटरमधून कायदेशीर कपातीचा आकडा उचलू नका, ती कशावर मोजायची तो आधार तेवढा घ्या. व्यवसाय कराचं बघा. महाराष्ट्रात १०,००० च्या वर २०० असतात, पण फेब्रुवारीत ३००. महिलांना २५,००० पर्यंत काहीच नाही, आणि हे एप्रिल २०२३ पासून. त्याआधीच्या लेटरमध्ये २०,००० ग्रॉसच्या मुलीलाही २०० लिहिलेले सापडतील. ते २०० शीटमध्ये कायम बसवलेत तर दरमहा चुकीची कपात होईल. राज्य आणि लिंग भरा, बाकीचं सॉफ्टवेअरला करू दे. कॅन्टीन, गणवेश, कर्जाचा हप्ता अशा कंपनीच्या कपाती मात्र लेटरमधून किंवा वेगळ्या संमतीपत्रातून घ्याव्याच लागतात.

पीएफचा आधार जास्त नाजूक आहे. तुमच्या लेटरमध्ये बेसिकच्या १२ टक्के, म्हणून १,६८०. पण सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये सांगितलं की सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता पीएफसाठी बेसिकमध्येच धरायचा. तुमचा स्पेशल अलाउन्स सरसकट असेल तर १४,००० अधिक १०,२८१, म्हणजे १५,००० ची मर्यादा सहज ओलांडते. मग पीएफ १५,००० वर, म्हणजे १,८००.

राहुल_के
मग कंपनीचा वाटाही १२० ने वाढला. सीटीसी तर ३५,००० च ठरलेला आहे. स्पेशल अलाउन्स १०,१६१ करायचा, विषय संपला. आमच्याकडे असंच करतात.

जुना_पेरोलवाला
तसं केलं तर मुलाच्या हातात २९,३६१ येतील, २४० कमी. १२० त्याच्या स्वतःच्या वाढलेल्या वाट्याचे, ते ठीक. उरलेले १२० कंपनीच्या वाट्याचे, आणि पीएफ कायद्याचं कलम १२ सांगतं की स्वतःच्या वाट्यासाठी मालकाने वेतन कमी करायचं नाही. ‘सीटीसीत सगळं समाविष्ट’ या एका वाक्याच्या आधारावर मी चालू कर्मचाऱ्याचा भत्ता कापणार नाही. सेटअप शीट भरणाऱ्याने तर हा निर्णय घ्यायचाच नाही. ओळीला रंग द्या आणि वर पाठवा.

मेघना_१९
माझा अनुभव सांगू का? मी दहाव्या महिन्यात नोकरी सोडली. जॉइनिंग बोनस ५०,००० ठरला होता, टीडीएस कापून हातात कमी आले होते. अंतिम हिशेबात कंपनीने पूर्ण ५०,००० कापले. लेटरमध्ये फक्त ‘वसूल केला जाईल’ एवढंच होतं. ढोबळ की निव्वळ, पूर्ण की उरलेल्या महिन्यांपुरता, काहीच नाही. मला अजून कोणी नीट उत्तर दिलेलं नाही.

जुना_पेरोलवाला
मेघना, तुमची पूर्ण पत्रं न बघता मी काही बोलणं योग्य नाही. पण स्वातीताईंना यातून घेण्यासारखं आहे. कलम ९ मध्ये ‘संपूर्ण’ आहे, ढोबळ की निव्वळ ते नाही. शीटमध्ये ही जागा रिकामी राहू दे, आपल्या मनाने भरू नका. रक्कम ‘एकदाच’ मध्ये टाका, आणि आधीच दिली असेल तर ‘अदा’ अशी खूण करा, नाहीतर नवं सॉफ्टवेअर पहिल्या पगारात ती पुन्हा देऊन टाकेल. त्यासोबत वसुलीची शेवटची तारीख लिहा. १६ ऑगस्टला रुजू झाला असेल तर पुढच्या वर्षीचा १५ ऑगस्ट.

कलम ६ मधल्या ‘सेवेत असेल तरच’ या अटीचंही तसंच. ती जशीच्या तशी सॉफ्टवेअरला लावू नका. त्या हिशेबी वर्षात ३० दिवस काम केलेल्या पात्र माणसाचा कायदेशीर बोनस, तो मधेच सोडून गेला म्हणून बुडत नाही. ही अट कलम ७ च्या इन्सेंटिव्हला लावता येईल, बोनसला नाही. म्हणून दोन्ही एकाच ‘बोनस’ रकान्यात कोंबू नयेत.

वैशाली_सल्ला
एक भर घालते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू आहे. तिच्या व्याख्येत वगळायच्या गोष्टींच्या यादीत एचआरए आणि कन्व्हेयन्स आहेत, स्पेशल अलाउन्स नाही. ती व्याख्या लावली तर या मुलाचं वेतन २४,२८१ होतं. मग बोनसची पात्रता १४,००० वर बघायची की २४,२८१ वर?

जुना_पेरोलवाला
रास्त प्रश्न आहे, आणि ग्रॅच्युइटीच्या ६७३ लाही तोच लागू. मी माझ्या क्लायंट्सना सल्लागाराकडून लेखी मत घ्यायला लावतो. एक गोष्ट मात्र नक्की: १,१६६ ची ओळ सीटीसीत दाखवून कंपनीने ती कबूल केली आहे. पात्रतेचं काहीही ठरलं तरी राहुल म्हणतो तशी ती उडवता येणार नाही.

राहुल_के
सीटीसीत दाखवलं म्हणजे कबूल केलं, हे मला पटत नाही. कलम ६ मध्ये ‘कायद्यानुसार’ असं स्पष्ट आहे.

स्वाती_लेखा
दोन्ही मुद्दे मालकांपुढे ठेवते. आज दहा लेटर्सना ताळा लावून बघितला. आठ जुळली. एकात दरमहा १,००० चा फरक येत होता, तो विम्याचा हप्ता निघाला, तोही पान ४ वर. दहाव्याचा काही केल्या जुळेना, मग फाइलमध्ये मागच्या वर्षीचं वाढीचं पत्र सापडलं. त्यात फक्त नवा सीटीसी आहे, फोड दिलेलीच नाही. अशा वेळी जुन्या प्रमाणात फोड करायची की मालकांकडून नवीन जोडपत्र मागायचं?

जुना_पेरोलवाला
मागायचं, सहीसकट. तोवर ती ओळ शेवटच्या स्लिपप्रमाणे भरा आणि कलमाच्या रकान्यात ‘आधार: स्लिप’ असं लिहा.