एकाच कंपनीतल्या दोन जागा आणि पसंतीची एक मेल: अनुभव लिहा

धागाकर्ती: एकाच कंपनीत डेटा ॲनालिस्ट आणि प्रॉडक्ट सपोर्ट अशा दोन्ही जागांना अर्ज केलाय. एचआर म्हणते, पसंती मेलवर कळवा. काय लिहावं, काय टाळावं? भरती जवळून पाहिलेल्यांनी सांगा.

काठावरचा: 'दोन्ही चालतील' लिहा. एकीचं नाव घेतलं की दुसरी हातची जाते.

भरतीवाली: हे अर्धंच खरं. जागा दोन म्हणजे मॅनेजरही बहुधा दोन. 'दोन्ही चालतील' वाचून प्रत्येकाला वाटतं, दुसरा बोलावेल. म्हणून पहिल्याच वाक्यात एक जागा, जॉब आयडीसकट. त्याच नावाची जागा दुसऱ्या शहरातही निघालेली असू शकते. मग कारणं, पण दोनच, आणि कामातली. जाहिरातीतलं रोजचं एक काम उचला आणि त्याला लागून तुम्ही केलेलं तसंच काम ठेवा. पाठवायची इंग्रजीतच, पण मजकूर साधारण असा:

"डेटा ॲनालिस्ट, जॉब आयडी अमुक, ही माझी पहिली पसंती. या जागेत विक्रीचे साप्ताहिक रिपोर्ट एसक्यूएलमधून काढायचे आहेत. सध्या मी शाखांच्या थकबाकीचे रिपोर्ट तसेच काढते. ग्राहकांशी बोलणं मला जमतं, पण दिवसाचं मुख्य काम आकड्यांचं हवं आहे. सपोर्टची मुलाखत आधी असेल तर तिलाही येईन. नोटीस ६० दिवस."

यात थकबाकीचं वाक्य सगळ्यात मोलाचं. 'मला डेटाची आवड आहे' हे कोणीही लिहितं, त्यावर मॅनेजर पुढचा प्रश्न काय विचारणार?

आणि ही मेल फॉरवर्ड होते, कधी दोघांनाही. 'सपोर्टला रात्रपाळी असते, नको' असं लिहिलंत तर सपोर्टचा मॅनेजरही ते वाचतो. पाळीचं, पगाराचं फोनवर विचारा, आणि तेही मेल पाठवण्याआधी. उत्तर ऐकून पसंतीच बदलू शकते.

नवखा: माझ्याकडे दोन कंपन्यांची ऑफर लेटरं आहेत. एकीकडे जॉइनिंग डेट वाढवून मागू का?

भरतीवाली: तो प्रश्न वेगळा, नवा धागा काढा. इथे ऑफर अजून एकही नाही.

टीमलीड: 'तिलाही येईन' हे वाक्य मी काढून टाकेन. ते वाचलं की मी समजतो, इथे नाही तर तिथे. एचआर तर तिथेच ढकलते, कारण सपोर्टच्या जागा भरायला अवघड.

भरतीवाली: ढकलतात, मान्य. म्हणून सपोर्टची ऑफर आली तर खरंच जॉइन होणार असाल तरच ते ठेवा. पण काढलंत तर तो अर्ज बंद होऊ शकतो, हेही धरून चाला.

धागाकर्ती: जॉइन होईन बहुतेक... पण ॲनालिस्टची जागा पोर्टलवर आज 'क्लोज्ड' दिसतेय. तरी तीच पहिली लिहू?

टीमलीड: क्लोज्ड म्हणजे भरलीच असं नाही, कधी फक्त नवे अर्ज थांबवलेले असतात. पण अंदाजावर मेल नको. आज एचआरला फोन करा, मग पाठवा.